मिंट, पाइंट आणि झिंट : डोक्यातले वाचनाचे दोन मार्ग

सोलापूरच्या एसटी स्टँडवर ‘अक्कलकोट’ ही पाटी कुणी वाचत नाही. बस वळण घेत असतानाच ती ओळखली जाते, आणि पाटीवरचं धुळीचं बोट अर्ध्या अक्षरावरून फिरलेलं असलं तरी फरक पडत नाही. शेजारच्या फलाटावर एखाद्या आडगावाचं नाव लावलेली गाडी उभी असते. ते नाव कधी ऐकलेलं नसेल, तर तोच प्रवासी थांबतो, ओठ हलवतो आणि अक्षर अक्षर जोडून ते म्हणतो. वाचणारा एकच, डोळे तेच, लिपीही तीच. तरी आत जे घडतं ते दोन्ही वेळा वेगळं असतं का?

ड्युअल-रूट मॉडेल, म्हणजे वाचनाचं दोन मार्गांचं प्रारूप, सांगतं की हो, वेगळं असतं. छापील शब्दापासून उच्चारापर्यंत जायला मेंदूत दोन वाटा आहेत. एक शब्दमार्ग: आयुष्यभरात पाहिलेल्या शब्दांचा साठा डोक्यात असतो, समोरचा शब्द त्यात सापडला की त्याचा तयार उच्चार बाहेर येतो. दुसरा अक्षरमार्ग: शब्द ओळखीचा असो वा नसो, अक्षरांना त्यांचे ध्वनी लावायचे आणि डावीकडून उजवीकडे जोडत जायचं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली याचं संगणकावर चालणारं सविस्तर रूप मांडलं. त्यात दोन्ही मार्ग एकाच वेळी सुरू होतात. एक बंद करून दुसरा चालू, असा प्रकार नाही.

मी वाचा-उपचाराचं काम करते. पक्षाघातानंतर आलेल्या रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात, “मॅडम, अक्षरं तर दिसतात की ह्यांना, मग वाचत का नाहीत?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ‘वाचन गेलं’ असं एका वाक्यात देता येत नाही, कारण बऱ्याचदा ते पूर्ण गेलेलं नसतं. नेमकं काय गेलंय आणि काय उरलंय ते पाहावं लागतं. दोन मार्गांची कल्पना खरी ताकदवान झाली ती अशाच, अर्धवट गेलेल्या वाचनामुळे.

मराठीपेक्षा इंग्रजीत हे समजायला सोपं जातं, म्हणून तीन इंग्रजी शब्द घेऊ. तिन्हींच्या शेवटी आय-एन-टी हीच अक्षरं आहेत. पहिला एम-आय-एन-टी, म्हणजे मिंट: पुदिना. दुसरा पी-आय-एन-टी, म्हणजे द्रवाचं एक माप. हा हिंट, प्रिंट, मिंट यांच्या ओळीत बसत नाही, त्याचा उच्चार पाइंट. तिसरा झेड-आय-एन-टी. असा शब्द इंग्रजीत नाहीच, पण इंग्रजी वाचता येणारा कुणीही तो बिनदिक्कत ‘झिंट’ असा म्हणेल.

आता हे तीन शब्द दोन मार्गांवर टाकून बघा. मिंट दोन्हीकडून जातो. शब्दमार्गाला तो पाठ आहे आणि अक्षरमार्गानेही तोच उच्चार येतो. पाइंट फक्त शब्दमार्गाने बरोबर येतो. अक्षरमार्गावर टाकला तर ‘पिंट’ बाहेर पडेल, कारण त्या मार्गाला फक्त नियम कळतो, अपवाद कळत नाही. झिंटचं उलटं: तो शब्दांच्या साठ्यात नाही, म्हणून शब्दमार्ग हात टेकतो आणि अक्षरमार्गच कामाला येतो.

म्हणजे प्रारूप बरोबर असेल तर दोन प्रकारचे रुग्ण सापडायला हवेत. ज्याचा शब्दमार्ग बिघडला तो मिंट आणि झिंट नीट वाचेल, पण पाइंटला ‘पिंट’ म्हणेल. ज्याचा अक्षरमार्ग बिघडला तो मिंट आणि पाइंट सहज वाचेल, पण झिंटवर अडकेल. तो गप्प राहील, नाहीतर झिंटच्या जवळचा एखादा खरा शब्द म्हणेल.

दोन्ही सापडले. पहिल्याला सरफेस डिसलेक्सिया म्हणतात, दुसऱ्याला फोनॉलॉजिकल डिसलेक्सिया. इथे एक खुलासा लगेच करते. हे मोठ्या माणसांबद्दल चाललंय, ज्यांना आधी उत्तम वाचता येत होतं आणि मेंदूला इजा झाल्यावर किंवा मेंदूच्या आजारात ते बिघडलं. शाळेतल्या मुलांच्या डिसलेक्सियाकडे पुढे येते.

सरफेस डिसलेक्सियाचं वर्णन 1973 साली जॉन मार्शल आणि फ्रीडा न्यूकोम यांनी केलं. त्यांच्या जे. सी. या रुग्णासमोर एल-आय-एस-टी-ई-एन हा शब्द ठेवला. उच्चार लिसन, अर्थ ऐकणे, त्यातला टी मुका. जे. सी. ने वाचलं ‘लिस्टन’ आणि वर सांगितलं की हा तो मुष्टियोद्धा. सॉनी लिस्टन हा त्या काळातला हेवीवेट विजेता होता. हा प्रसंग या विषयात पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि माझ्या मते त्यातली मोलाची गोष्ट उच्चाराची चूक ही नाही. मोलाची गोष्ट ही की अर्थ चुकीच्या उच्चारामागे गेला. त्याने अक्षरांवरून आधी आवाज तयार केला, तो आवाज स्वतःच्या कानाने ऐकल्यासारखा ऐकला आणि त्यावरून अर्थ लावला. शब्द थेट ओळखला असता तर मुष्टियोद्धा मध्ये आलाच नसता. म्हणजे या माणसाचं वाचन कोणत्या वाटेने गेलं, ते त्याच्या एका वाक्यावरून दिसतं.

सरफेस डिसलेक्सियाचा अगदी ठळक रुग्ण म्हणजे के. टी. रोझलीन मॅकार्थी आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी 1986 मध्ये त्याचं वर्णन केलं. अर्थहीन शब्द त्याने शंभर टक्के वाचले. नियमात बसणारे, रोजच्या वापरातले शब्दही शंभर टक्के. अपवादाच्या शब्दांवर मात्र गाडी घसरली: नेहमीचे अपवाद सुमारे 47 टक्के बरोबर, क्वचित दिसणारे जेमतेम 26 टक्के. ही घसरण लक्षात ठेवा. शब्दमार्ग दिव्यासारखा एकदम विझत नाही. जास्त वापरातले शब्द जास्त टिकतात, कमी वापरातले आधी जातात.

आता उलटी बाजू. 1979 मध्ये मारी-फ्रान्स बोव्ह्वा आणि जॅकलीन देरूएने यांनी आर. जी. नावाचा एक फ्रेंच रुग्ण मांडला. पाच ते नऊ अक्षरांचे खरे शब्द त्याने सगळे वाचले. चार-पाच अक्षरांचे अर्थहीन शब्द मात्र दहातला जेमतेम एक. लांबीकडे लक्ष द्या. अर्थहीन शब्द आखूड होते, खरे शब्द लांब. तरी लांब वाचता आले आणि आखूड आले नाहीत. ‘जे अवघड ते गेलं’ असं म्हणणाऱ्याला इथे अडचण येते, कारण अक्षरांच्या मोजमापाने अर्थहीन शब्दच सोपे होते.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. फक्त के. टी. सापडला असता, तर कुणीही म्हटलं असतं की अपवाद शिकायला कठीण, म्हणून इजा झाली की तेच आधी गळतात. दोन मार्ग कशाला हवेत, एकच यंत्र अशक्त झालंय. फक्त आर. जी. सापडला असता, तर म्हटलं असतं की निरर्थक काहीतरी वाचणं कठीण, ते आधी गेलं. एकट्या रुग्णावर दोन्ही स्पष्टीकरणं खपतात. पण एकच यंत्र असेल, तर कठीण-सोप्याचा क्रम सगळ्यांना सारखा लागायला हवा: थोडं बिघडलं की सर्वात कठीण जाईल, जास्त बिघडलं की त्याच्या खालचं. इथे एकाला अपवाद जड आणि अर्थहीन हलकं, दुसऱ्याला अर्थहीन जड आणि अपवाद हलके. क्रमच उलटा झाला. एका यंत्रातून तो उलटा होत नाही. मेंदूविज्ञानात अशा जोडीला दुहेरी विभक्ती म्हणतात, आणि ड्युअल-रूट प्रारूपाचा पाया या एका युक्तिवादावर उभा आहे.

निरोगी वाचकातही याच्या खुणा दिसतात. दोन्ही मार्ग एकदम सुरू होत असतील, तर पाइंटसारख्या शब्दावर त्यांची उत्तरं आपसांत भांडतील. शब्दमार्ग ‘पाइंट’ म्हणेल, अक्षरमार्ग ‘पिंट’, आणि हा वाद मिटेपर्यंत क्षणभर वेळ जाईल. प्रयोगात तसंच आढळतं: कमी वापरातले अपवाद शब्द वाचायला त्याच वापराच्या नियमित शब्दांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. रोजच्या वापरातल्या अपवादांवर हा उशीर फारसा दिसत नाही, कारण तिथे शब्दमार्ग इतका चपळ असतो की अक्षरमार्गाचं उत्तर पोचायच्या आत काम झालेलं असतं.

इथे चाचणी कशी चुकते ते सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे ती हमखास चुकते. सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या कुणालाही पी-आय-एन-टी दाखवा. बहुतेक जण ‘पिंट’ म्हणतील. म्हणजे त्यांना सरफेस डिसलेक्सिया झाला का? अर्थातच नाही. हे माप आपल्याकडे कुणी वापरत नाही, तो शब्द कानावर आलेला नाही, म्हणून साठ्यात नाही. साठ्यात नसलेला शब्द अक्षरमार्गाने गेला, इतकंच. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल ला ‘कोलोनेल’ म्हणणारा मुलगा मंद नाही आणि आजारीही नाही. त्याने ‘कर्नल’ चित्रपटात ऐकलाय, पण तो शब्द असा लिहितात हे त्याला माहीत नाही. सरफेस डिसलेक्सिया म्हणायचं तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो शब्द त्या माणसाला पूर्वी लिखित रूपात येत होता, आणि आताही कानाने ऐकल्यावर त्याला तो कळतो किंवा किमान शब्दाची ओळख आहे. याशिवाय यादीतले नियमित आणि अपवाद शब्द वापराने आणि लांबीने सारखे असावे लागतात. एका बाजूला सोपे, दुसऱ्या बाजूला दुर्मीळ शब्द भरले, तर निकाल माणसाचा नव्हे, यादीचा निघतो.

दोन मार्ग म्हटलं तरी प्रत्यक्षात प्रारूपात तीन आहेत. शब्दमार्गाला दोन फाटे आहेत. एक अर्थाला भेटून उच्चाराकडे जातो, दुसरा अर्थाला वळसा घालून थेट. हा दुसरा फाटा कशासाठी, तर डब्ल्यू. एल. पी. नावाच्या एका स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी. मर्ना श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. तिची शब्दांच्या अर्थाची जाण खूप ढासळली होती. ‘हायना’ म्हणजे तरस, हा शब्द तिच्यापुढे आला तेव्हा तिने तो अचूक वाचला आणि मग विचारलं की हे आहे तरी काय. इंग्रजीत हा शब्द अक्षरांवरून सरळ बसत नाही, म्हणजे नुसत्या अक्षरमार्गाने उच्चार आलेला नाही. अर्थ गेलेला आहे, म्हणजे अर्थामार्गेही आलेला नाही. तरी बरोबर आला. मग तिसरी वाट मानण्यावाचून गत्यंतर नाही, असं या प्रारूपाचे समर्थक म्हणतात.

सगळे असं मानत नाहीत, आणि हा वाद आजही जिवंत आहे. डेव्हिड प्लॉट, जेम्स मॅक्लेलँड, मार्क सायडेनबर्ग आणि कॅरलिन पॅटरसन यांनी 1996 मध्ये संगणकावर एक वेगळं जाळं शिकवलं. त्यात नियमांची आणि अपवादांची वेगळी खाती नव्हती. अक्षरं, ध्वनी आणि अर्थ एवढी तीनच गाठोडी, आणि त्यांच्यातले धागे सरावाने घट्ट होत गेलेले. शिकलेलं जाळं मिंटही वाचतं, पाइंटही वाचतं, आणि न पाहिलेलं झिंटही. यांच्या मते पाइंटसारख्या अपवादांना अर्थाकडून आधार लागतो. अर्थ ढासळला की हे अपवाद कोसळतात, आणि तोच सरफेस डिसलेक्सिया. के. टी. चा अर्थही ढासळलेला होताच. फोनॉलॉजिकल डिसलेक्सियाबद्दल त्यांचं म्हणणं, की हा वाचनाचा दोष नाहीच, ध्वनी हाताळण्याची मूळची क्षमता अशक्त झालीय. बऱ्याच रुग्णांना तोंडी ध्वनी जोडणं-तोडणंही जमत नाही, हे त्यांच्या बाजूने जातं. दोन मार्गांची बाजू म्हणते, मग ज्यांचं तोंडी काम चांगलं आहे आणि तरी अर्थहीन शब्द वाचता येत नाहीत, त्यांचं काय? आणि डब्ल्यू. एल. पी. चं काय? जाळ्याची बाजू उत्तर देते की माणसागणिक वाचनाला अर्थाचा आधार कमी-जास्त लागत असावा. माझं मत विचाराल तर हे उत्तर मला थोडं पळवाटीसारखं वाटतं, कारण ते आजारापूर्वीच्या माणसाबद्दल बोलतं आणि तो माणूस आता मोजायला मिळत नाही. पण दुहेरी विभक्ती म्हणजे दोन मार्गांचा अंतिम पुरावा, असंही आता कुणी सावधपणे म्हणत नाही. एकाच जाळ्याला दोन वेगळ्या जागी धक्का दिला तरी दोन उलटे निकाल येऊ शकतात, हे अशा जाळ्यांनी दाखवलं.

हे सगळं मराठीत कसं दिसेल? आपली देवनागरी बऱ्याच अंशी जशी लिहिली तशी वाचली जाते. त्यामुळे शब्दमार्ग पूर्ण बिघडला तरी अक्षरमार्ग जवळजवळ सगळं निभावून नेईल, आणि मोठ्याने वाचून घेणारा डॉक्टर ‘वाचन ठीक आहे’ असं लिहून मोकळा होईल. सरफेस डिसलेक्सिया इथे लपून राहतो. त्याला बाहेर काढायचं तर लिपी जिथे दगा देते तिथेच हात घालावा लागेल.

तशा दोन जागा मला दिसतात. पहिली च आणि ज. एकच अक्षर, उच्चार दोन. गुरांचा चारा आणि मोजणीतले चार यांतला च सारखा नाही. शेंगा-चटणीतला च जीभ दाताला लावून येतो, चंद्रातला टाळूला लावून. कोणता कुठे हे अक्षरावरून कळत नाही, शब्द ओळखावा लागतो. ‘हे जग’ आणि ‘पाण्याचा जग’ यांचं लेखन हुबेहूब, उच्चार वेगळा. अशा शब्दांच्या उच्चारात गोंधळ दिसू लागला, तर शब्दमार्गावर संशय घ्यायला जागा आहे. मात्र बोलीभाषेची सवय आधी तपासावी लागेल. सोलापुरात कन्नड किंवा तेलुगू घरात वाढलेला माणूस च-ज वेगळे म्हणतो तो आजारामुळे नव्हे.

दुसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे मागावर चढतं ते. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलताना या जोड्यांमध्ये आपण बहुतेक फरक करत नाही. तेव्हा जो माणूस लेखन सोडून आवाजावरून अर्थ लावतो, त्याला ‘सुत’ हा छापील शब्द दाखवून अर्थ विचारला तर तो कदाचित यंत्रमागाच्या गोष्टी सांगेल. जे. सी. चा मुष्टियोद्धा आपल्याकडे असा भेटेल. हा माझा तर्क आहे, आणि त्याला एक मोठी अट: अशुद्धलेखनाची सवय असलेल्या माणसाला हा फरक आजाराआधीही येत नसेल. त्याची जुनी वही किंवा पत्र पाहिल्याशिवाय काही म्हणू नये.

फोनॉलॉजिकल बाजू मात्र मराठीत तपासणं सोपं आहे. जिल्ह्यातल्या ओळखीच्या पाट्या घ्या आणि त्यांचीच अक्षरं उलटसुलट करा. बार्शीचं शार्बी, मोहोळचं होमोळ. अक्षरं तीच, लांबी तीच, फक्त ओळख गेली. बार्शी आणि मोहोळ झटकन वाचणारा रुग्ण शार्बीवर थांबून राहिला, किंवा ‘शार्बी’ला ‘बार्शी’च म्हणाला, तर ती फोनॉलॉजिकल डिसलेक्सियाची पहिली खूण. आधी त्याला हे शब्द ऐकवून मागोमाग म्हणायला सांगायचे. ऐकून म्हणता येत असतील आणि वाचताच येत नसतील, तर दोष उच्चारात नाही, अक्षराकडून ध्वनीकडे जाणाऱ्या वाटेत आहे. ऐकूनही म्हणता येत नसतील, तर प्रश्न वाचनाच्या आधीचा आहे.

मुलांचं आता थोडक्यात. शिकणाऱ्या मुलातही हे दोन प्रकार शोधता येतात, असं अ‍ॅन कॅसल्स आणि कोल्टहार्ट यांनी 1993 मध्ये दाखवलं: काहींचा शब्दसाठा मागे, काहींची अक्षरजोडणी मागे. पण मुलाचं काही गेलेलं नसतं, अजून आलेलं नसतं. म्हणून त्याची तुलना के. टी. शी करायची नाही. त्याच्याच वयाच्या, त्याच माध्यमात शिकणाऱ्या मुलांशी करायची, आणि त्याच्याइतकंच वाचता येणाऱ्या लहान मुलांशीही करून बघायची. दुसरीच्या मुलाने इंग्रजीत ‘पिंट’ वाचलं म्हणून कुणी त्याच्या दप्तरावर शिक्का मारू नये. इंग्रजी यादीत अडखळणारा मुलगा मराठी यादीत कसा वाचतो हेही पाहावं. मराठीत शार्बीच जमत नसेल तर मामला अक्षरजोडणीचा आहे. मराठी झकास आणि फक्त इंग्रजी अपवाद अडत असतील, तर बहुतेक वेळा त्याने ते शब्द पुरेसे पाहिलेलेच नसतात.